पहिल्या आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेत कर्णधाराने स्वागताला काय बोलावं?

प्रश्न: मी आमच्या क्लबचा कर्णधार आहे. तालुक्यात पहिल्यांदाच आंतरशालेय बुद्धिबळ आणि कोडी स्पर्धा घेतोय. आठ शाळा, तिसरी ते सातवीची ६४ मुलं, एका दिवसात पाच फेऱ्या आणि दुपारी अर्ध्या तासाची कोड्यांची फेरी. बहुतेक मुलांची ही पहिलीच स्पर्धा. स्वागताचं भाषण माझ्याकडे आहे, पाहुणे आणि पालकही असतील. पाच मिनिटांत नेमकं काय बोलू?

उत्तर:

सर्वांत आधी, भाषण सुरू होताना मुलं कुठे असतील ते ठरवा. मंचासमोर सतरंजीवर बसवलेली ६४ मुलं आणि आपापल्या पटासमोर बसलेली ६४ मुलं, या दोन वेगळ्या सभा आहेत. मी गेली पंचवीसेक वर्षं शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतोय आणि माझा आग्रह एकच असतो: पहिल्या फेरीच्या जोड्या आधी लावा, मुलांना पटावर बसवा आणि मग बोला. मोहरे समोर असले की तुम्ही सांगाल ते मूल तिथल्या तिथे डोळ्यांनी पडताळून पाहतं. पाहुण्यांचा सत्कार, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन हे सगळं त्याआधी उरकून घ्या. मुलं पटावर बसली की माइक फक्त तुमच्या हातात हवा.

दुसरं म्हणजे, पहिल्या फेरीत मुलं कुठे अडतात ते लक्षात घेऊनच बोला. चाली सगळ्यांना येत असतात. अडचण येते ती घरचे नियम आणि स्पर्धेचे नियम यांच्या सांध्यावर. आजोबांकडे शिकलेल्या मुलाच्या डावात प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, राजा एकदा घोड्यासारखी उडी घेतो आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या पट्टीत पोचलं तिथला मोहरा मिळतो. आपल्याकडचा तो जुना देशी डाव आहे, त्यात चूक काही नाही. पण समोर मोबाइलवर शिकलेली मुलगी बसली असेल तर तिसऱ्या मिनिटाला दोघंही रडवेली होतात, कारण दोघांनाही आपण खरं खेळतोय याची खात्री असते. शब्दांचंही तेच. एकीला ‘रूक’ आणि ‘बिशप’ माहीत, दुसऱ्याला हत्ती आणि उंट. म्हणून मोहऱ्यांची नावं पहिल्यांदा उच्चाराल तेव्हा दोन्ही घ्या.

मला सर्वांत जास्त त्रास दिलेला प्रसंग सांगतो, कारण भाषणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मी त्यातूनच शिकलो. एका शाळेत अशीच पहिली स्पर्धा होती. तिसरीतली एक मुलगी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. पांढऱ्याचा उंट सी ४ वर, वजीर एफ ३ वर, म्हणजे चार चालींत मात द्यायचा नेहमीचा बेत. मुलीने एफ ६ वरचा घोडा उचलून डी ५ वर नेला. समोरच्या मुलाने वजिराने एफ ७ वरचं प्यादं मारलं आणि मोठ्याने म्हणाला, “शह आणि मात!” मुलीने मान खाली घातली, हात मिळवला आणि उठली. मी पटापाशी पोचेपर्यंत मुलाने मोहरे गोळा केले होते. नंतर तिने आठवून डाव लावून दाखवला तेव्हा दिसलं, की ती मात नव्हतीच. उंटाची रेषा डी ५ वरच्या तिच्याच घोड्याने अडवलेली होती. वजिराला कुणाचाही जोर नव्हता आणि तिचा राजा तो सरळ मारू शकत होता. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने तो डाव वीस वेळा असाच जिंकला होता, म्हणून त्याला मात दिसली. पण दोघांनी निकाल मान्य करून चिठ्ठीवर सह्या केल्या होत्या, मोहरे हलले होते, त्यामुळे निकाल तसाच ठेवावा लागला. त्या दिवशी सकाळच्या भाषणात “कुणी मात म्हटलं तर हात मिळवण्याआधी स्वतः बघा आणि पंचांना बोलवा” एवढं कुणी सांगितलं असतं, तर ती मुलगी त्या डावात एका वजिराने पुढे असती.

आता भाषण. मी स्वतः साधारण असं बोलतो. तुमच्या गावाप्रमाणे, मुलांप्रमाणे शब्द बदला, पण क्रम शक्यतो बदलू नका:

“नमस्कार मुलांनो. मी तुमचा क्लबचा दादा. आज तुम्ही आठ शाळांमधून आलात. आपल्या तालुक्यातली ही पहिलीच स्पर्धा आहे, म्हणजे इथे कुणीच जुनं नाही. तुमच्या पोटात आत्ता गोळा आला असेल तर समोरच्याच्याही पोटात आलाय. आधी त्याच्याकडे किंवा तिच्याकडे बघा आणि आपलं नाव सांगा.

आता पटाकडे बघा. तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं आहे का? नसेल तर हात वर करा. वजीर, म्हणजे क्वीन, आपल्या रंगाच्या घरात उभा आहे का? पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. राजा त्याच्या शेजारी. सगळे मोहरे मोजा, तुमच्याकडे सोळा असायला हवेत.

आज आपण जगभर खेळतात त्या नियमांनी खेळणार आहोत. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजा घोड्यासारखा उडी मारत नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की तुम्ही मागाल ते मिळेल: वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा. वजीर पटावर असला तरी दुसरा वजीर घेता येतो. कॅसलिंग करताना आधी राजा उचला, मग त्याच हाताने हत्ती.

ज्या मोहऱ्याला हात लावाल तोच चालायचा. म्हणून विचार करताना हात मांडीवर ठेवा. मोहरा वाकडा झाला असेल तर तुमची चाल असताना आधी ‘नीट करतो’ किंवा ‘नीट करते’ असं म्हणा आणि मगच सरळ करा.

‘शह’ म्हणायलाच हवं असा नियम नाही. समोरच्याने शह म्हटलं नाही तरी आपला राजा आपणच बघायचा. आणि राजा कधीच मारायचा नाही. शहात असलेला राजा तसाच सोडून कुणी दुसरी चाल केली, तर हात वर करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. समोरचा ‘मात’ म्हणाला, तर लगेच हात मिळवू नका. मोहरे हलवू नका. तीन गोष्टी बघा: राजा पळू शकतो का? मध्ये काही आणता येतं का? शह देणारा मोहरा मारता येतो का? तीनही नाही, असं वाटलं तरी हात वर करा. पंचताई किंवा पंचदादा येतील, बघतील, मग हात मिळवायचा. आज प्रत्येक मातीला पंच येणार. लाजायचं नाही.

हरलात तर घरी जायचं नाही. पाचही फेऱ्या सगळेच खेळणार. प्रत्येक फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेला खेळाडू तुमच्यासमोर येईल. तो तुमच्याच शाळेतला मित्रही असू शकतो.

दुपारी कोडी सोडवायची आहेत. त्यातलं एक मी आत्ताच देतो. त्या मोठ्या पटावर बघा. पांढरा राजा एफ ६ वर, पांढरा हत्ती जी १ वर, काळा राजा एच ८ वर. चाल पांढऱ्याची. दोन चालींत मात करायची आहे. उत्तर ओरडायचं नाही, मित्रालाही सांगायचं नाही. डोक्यात ठेवा, कोड्यांच्या फेरीआधी सांगेन.

आईबाबांनो, काकाकाकूंनो, डाव सुरू झाले की आपण सगळे बाहेरच्या व्हरांड्यात थांबूया. चहा तिथेच आहे. मुलं एकेक करून बाहेर येतील तेव्हा ‘जिंकलास का’ हे तीच सांगतील.

हात मिळवा. काळे मोहरे असलेल्यांनो, तयार? पांढऱ्यांनी पहिली चाल करा.”

घड्याळ लावून हे मुलांना कळेल अशा संथ आवाजात वाचलं तर पाच मिनिटांच्या आसपास होतं. पट तपासताना हात वर येतील, तिथे अर्धा मिनिट जाईल. तो जाऊ द्या. पट आडवा लागलेला किंवा राजा-वजिराची अदलाबदल झालेली, असं प्रत्येक नव्या स्पर्धेत कुठे ना कुठे असतंच. जलद डावांत दोघांच्या दहा-दहा चाली होऊन गेल्या की ती अदलाबदल दुरुस्त करता येत नाही, मग दोघांनाही तसाच डाव पुढे न्यावा लागतो. भाषणात तीस सेकंद घालवले की हा प्रश्नच उरत नाही.

आता यातल्या काही ओळींमागची कारणं सांगतो, म्हणजे बदल करताना काय गाळू नये ते कळेल.

“हरलात तर घरी जायचं नाही” हे तुम्हाला उघड वाटेल. मुलांना ते उघड नसतं. त्यांनी पाहिलेल्या कबड्डी, खो-खोच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात, हरला की बस पकडायची. पहिल्या फेरीत हरलेली मुलं दप्तर भरून दारात उभी असलेली मी पाहिली आहेत, आणि पालकही निघायच्या तयारीत. स्विस पद्धतीत तसं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या आकड्यांवर बघा. ६४ मुलं, पाच फेऱ्या, एकही डाव बरोबरीत सुटला नाही असं धरलं, तर शेवटी दोघांचे पाच गुण होतील, दहा जणांचे चार, वीस जणांचे तीन, वीस जणांचे दोन, दहा जणांचा एक आणि फक्त दोघं शून्यावर राहतील. म्हणजे ६४ पैकी ६२ मुलं निदान एक डाव जिंकून घरी जातील. सकाळी हरलेल्या मुलासमोर दुसऱ्या फेरीत दुसरं हरलेलंच मूल बसतं, म्हणून हे घडतं. पालकांशी व्हरांड्यात बोलताना हा हिशेब आवर्जून सांगा. भाषणात मात्र आकडे नकोत.

याच हिशेबात एक खाच आहे. पाच फेऱ्यांत दोन मुलं पाच गुणांवर राहू शकतात, कारण ६४ जणांमधून एकच अपराजित खेळाडू उरायला सहा फेऱ्या लागतात. तेव्हा पहिला क्रमांक कसा ठरणार, हे स्पर्धा सुरू होण्याआधी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. सहसा बुखोल्झ वापरतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त गुण मिळवून गेले तो वर. तिसरीतल्या मुलाला हे भाषणात समजावू नका, पण शिक्षकांना ते आधीच ठाऊक असायला हवं. बक्षीस वाटपाच्या वेळी पहिल्यांदा सांगितलेला नियम कुणालाच न्याय्य वाटत नाही.

चुकीच्या चालीबद्दल मी भाषणात फक्त “हात वर करा” एवढंच ठेवलंय, ते मुद्दाम. जागतिक नियमांत जलद डावातही पहिल्या चुकीच्या चालीला समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्या चुकीला डाव जातो. पण तुमच्याकडे ३२ पटांना ३२ घड्याळं असतील असं वाटत नाही. बहुतेक नवे क्लब पहिली वीस-पंचवीस मिनिटं घड्याळाशिवाय खेळवतात आणि त्यानंतरही चालू असलेल्या डावांवर प्रत्येकी पाच मिनिटांची घड्याळं ठेवतात. घड्याळच नसताना दोन मिनिटं द्यायची कुठून? म्हणून तुमचा नियम तुम्ही आणि पंचांनी आदल्या दिवशी ठरवा आणि सगळ्या पंचांनी तोच लावावा. मी स्वतः एवढ्या लहान मुलांना पहिली चूक परत घ्यायला लावतो, मात्र हात लावलेला तोच मोहरा नियमात बसेल तिथे चालायचा. एका टेबलावर एक पंच माफ करतो आणि पलीकडे दुसरा डाव काढून घेतो, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. घड्याळं ठेवणार असाल, तर “थोड्या वेळाने काही पटांवर घड्याळ येईल, घाबरू नका” हेही भाषणात घाला. अचानक समोर घड्याळ आलं की मुलं हडबडून हातातला डाव घालवतात.

प्रत्येक मातीला पंच येणार म्हटल्यावर पंच किती लागतील, हा पुढचा प्रश्न. ३२ पटांना मला निदान चार माणसं लागतात, म्हणजे आठ पटांना एक. पहिल्या दहा मिनिटांत हात भराभर वर येतात, नंतर संथ होतं. क्लबमधली नववी-दहावीची मुलं हे काम उत्तम करतात, फक्त त्यांना एक ताकीद हवी. पटापाशी गेल्यावर “मात आहे” किंवा “मात नाही” असं लगेच बोलायचं नाही. आधी विचारायचं, “कोण मात म्हणतंय?” आणि दोघांनाही ते मान्य आहे का ते पाहायचं. मात झालेली नसेल आणि डाव चालू असेल, तर “डाव पुढे चालू” एवढंच सांगायचं. राजा कुठे पळतो ते बोटाने दाखवलं, तर पंचानेच चाल सांगितल्यासारखं होतं.

कोड्याचं बोलायचं राहिलं. मी ते भाषणातच का घालतो? दिवसभर मुलांच्या डोक्यात ते फिरत राहतं, आणि लवकर डाव संपवून बाहेर आलेली मुलं दंगा करण्याऐवजी मोठ्या पटासमोर जमतात. हे कोडं निवडायचं कारण त्याच्या चुकांमध्ये आहे. बहुतेक मुलं आधी शह देऊन बघतात: हत्ती एच १. पण काळा राजा जी ८ वर सरकतो आणि पुढच्या चालीत मात नसते. थोडी धीट मुलं हत्ती जी ७ वर नेतात. राजाच्या जोरावर हत्ती सुरक्षित आहे, काळ्या राजाला एकही घर उरत नाही, मुलं टाळ्या वाजवतात. पण काळा राजा शहात नाही! त्याला चालच नाही, म्हणजे कोंडी झाली, स्टेलमेट, डाव बरोबरीत. खरी चाल शांत आहे: राजा एफ ७. आता काळ्या राजाला एच ७ हे एकच घर आहे, तिथे गेला की हत्ती एच १ आणि मात, कारण जी ६, जी ७ आणि जी ८ ही तिन्ही घरं पांढऱ्या राजाने धरली आहेत. मात आणि कोंडी यांतला फरक मुलं असाच पटावर शिकतात, आणि तुमच्या पहिल्या फेरीत ज्यावरून भांडणं होतील त्यांपैकी निम्मी तरी याच फरकावरून असतील.

कोड्यांच्या फेरीआधी पुन्हा एक मिनिट माइक घ्या, कारण तिथले नियम सकाळच्या अगदी उलट आहेत. सकाळी तुम्ही हात मांडीवर ठेवायला सांगितलं. दुपारी मोहरे मांडून, हलवून बघायला परवानगी द्या, कोडी सोडवण्याच्या मोठ्या स्पर्धांमध्येही ती असते. “आता हात लावलेला मोहरा चालायचा हा नियम नाही” हे शब्द तोंडाने म्हणा. नाहीतर शिस्तीची मुलं तसंच बसून कोडी बघत राहतात आणि बेशिस्त मुलं मोहरे हलवून जास्त गुण मिळवतात. दोन चालींच्या कोड्यात पांढऱ्याची पहिली चाल बरोबर लिहिली की पूर्ण गुण, हेही सांगा. तिसरीतल्या मुलांना काळ्याची सगळी उत्तरं लिहायला लावलं तर अर्धा तास लिहिण्यातच जातो. घराचं नाव लिहिता येत नसेल तर छापील पटावर बाण काढला तरी चालेल. आणि कोडी छापण्याआधी क्लबमधल्या दोघांनी वेगवेगळी सोडवून बघावीत, पहिल्या चाली दोन निघाल्या तर ते कोडं बाद करा.

पाहुण्यांबद्दल एकच. पहिल्या पटावर पाहुण्यांनी पहिली चाल करायची पद्धत छान आहे, फोटोही चांगला येतो. फक्त पाहुण्यांना आधी कानात सांगा, की पांढरे मोहरे असलेल्या मुलाला हळूच विचारा, “बाळा, कुठलं प्यादं चालू?” आणि तेच चाला. नाहीतर पाहुणे कडेचं प्यादं ढकलतात आणि ते परत घ्यायचं धाडस त्या मुलाला दिवसभर होत नाही.

दुसऱ्या फेरीच्या आधी भाषण नको. फक्त तीन शब्द पुरतात: “उजवीकडे पांढरं घर.” मग बघा, तुम्ही पुढचं वाक्य म्हणायच्या आत मुलं स्वतःच पट फिरवून नीट करतात.